लिमिटची गणितं: लेकीच्या एका महिन्याच्या नोंदी

ताई नमस्कार, तुम्ही महिन्यापूर्वी म्हणाला होतात की सर एक महिन्याने मला नीट सांगा, नुसतं "बरं चाललंय" नको. म्हणून माझ्या वहीत तुमच्या लेकीबद्दल ज्या नोंदी करत होतो त्याच जरा सरळ करून टाईप करतोय. तुम्ही कॉमर्सच्या आहात, लिमिट कधी केलेलं नसेल, म्हणून जिथे गरज वाटली तिथे गणितही समजावून लिहिलंय. वाचायला थोडा वेळ लागेल, पण मग तिच्या वहीत तुम्हाला स्वतःला फरक दिसेल.

४ जानेवारी

पहिल्या दिवशी काहीच शिकवलं नाही. अकरावीच्या दुसऱ्या भागातल्या लिमिट्सच्या धड्यावरची १२ गणितं दिली आणि म्हटलं येतील तशी सोडव, खाडाखोड केलीस तरी चालेल पण खोडरबर वापरू नको, मला तू काय विचार केलास ते बघायचंय. सत्तर मिनिटं लागली, दोन सोडून दिली. १२ पैकी ४ बरोबर आली आणि त्यातली २ अशी की नुसती x ची किंमत टाकली की उत्तर येतं, म्हणजे त्यात लिमिट असं काही करावं लागत नाही.

मार्कांपेक्षा मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. तीन वेगवेगळ्या गणितांत किंमत टाकल्यावर 0/0 आलं होतं. पहिल्यात तिने उत्तर लिहिलं 0, कारण वर शून्य आहे. दुसऱ्यात लिहिलं 1, कारण वर-खाली सारखंच आहे, कटलं. तिसऱ्यात लिहिलं "लिमिट अस्तित्वात नाही", कारण खाली शून्य आहे. एकाच पेपरात एकाच गोष्टीची तीन उत्तरं आणि तिन्ही अगदी ठामपणे. म्हणजे पोरगी निष्काळजी नाहीये, प्रत्येक वेळी तिने कुठला तरी नियम लावलाय, फक्त 0/0 म्हणजे नक्की काय हे तिला कोणी बसून सांगितलेलं नाही. महिनाभर इथूनच काम करायचं ठरवलं.

६ जानेवारी

आज एकच गणित, पूर्ण तासभर.

lim (x→2) (x² − 4)/(x − 2)

lim म्हणजे लिमिट, आणि x→2 म्हणजे x ला 2 च्या जवळ जवळ नेत जायचं. 2 टाकलं की वर 0, खाली 0. मी म्हटलं सूत्र बित्र सगळं बाजूला ठेव, कॅल्क्युलेटर घे आणि 2 च्या जवळ जवळ जा. तिने वहीत तक्ता केला. 1.9 ला 3.9 आलं, 1.99 ला 3.99, मग दुसऱ्या बाजूने 2.1 ला 4.1, 2.01 ला 4.01. चौथ्या ओळीला तीच म्हणाली सर हे 4 कडे चाललंय. मग म्हटलं आता 2 टाक, तर कॅल्क्युलेटरने एरर दाखवला. इथे ती बराच वेळ गप्प बसली, मीही बसलो.

मग आलेख काढायला लावला. तक्त्यात उत्तर दरवेळी x पेक्षा 2 ने जास्त येत होतं, म्हणून y = x + 2 ही सरळ रेघ काढली आणि x = 2 च्या जागी खोडरबरने एवढासा भाग पुसून तिथे छोटं पोकळ वर्तुळ काढलं. म्हटलं ही बघ तुझी गणितातली रेघ, सगळीकडे आहे फक्त एका जागी भोक आहे, आणि लिमिट विचारतंय की दोन्ही बाजूंनी चालत आलीस तर कुठल्या उंचीवर पोचतेस, भोकात काय आहे हे विचारतच नाहीये. तेव्हा ती म्हणाली "म्हणजे 0/0 हे उत्तर नाहीच का". हे तिचं तिने म्हटलं हे मला फार बरं वाटलं. 0/0 आलं याचा अर्थ एवढाच की नुसती किंमत टाकून काम होणार नाही, अजून काहीतरी करावं लागेल. उत्तर 0 येऊ शकतं, 4 येऊ शकतं, 100 येऊ शकतं, कधी कधी येतही नाही.

९ जानेवारी

तेच गणित आता पद्धतशीर. वरचं फोडलं, (x − 2)(x + 2), खालचं (x − 2), कट केलं, उरलं x + 2, 2 टाकलं, 4. हे तिला कॉलेजमध्ये शिकवलेलं होतंच. मी विचारलं (x − 2) कट का करता येतं, शून्याने तर भागता येत नाही ना. उत्तर आलं नाही. मग परवाचा तक्ता उघडला आणि म्हटलं यात तू 2 टाकलं होतंस का कुठे? नाही. x हा 2 च्या कितीही जवळ जातो पण 2 होत नाही, म्हणून (x − 2) हे कधीच शून्य नसतं, म्हणून भागायला परवानगी आहे. आता ती कट करायच्या आधी बाजूला x ≠ 2 असं लिहिते. परीक्षेत ही एक ओळ लिहिलेली चांगली असतेच, पण मी मार्कांसाठी नाही सांगितलेलं, ते लिहिताना डोक्यात काय चाललंय ते महत्त्वाचं.

लिहिण्यातली एक मोठी चूकही आजच दिसली. ती पहिल्या ओळीत lim लिहायची आणि दुसऱ्या ओळीपासून विसरून जायची, किंवा उलटं, किंमत टाकून झाल्यावरही lim तसंच ठेवायची. नियम सोपा दिलाय, जोपर्यंत x दिसतोय तोपर्यंत lim लिहायचं, किंमत टाकली की काढायचं. तुम्ही वही उघडून बघाल तर हे तुम्हालाही तपासता येईल, त्याला गणित यायला लागत नाही.

११ जानेवारी

मोठ्या पदावल्या. x→2 असताना वर x³ − 4x² + x + 6 आणि खाली x² − 5x + 6. खालचं तिने फोडलं, वरचं बघून घाबरली आणि अंदाजाने फोडायला लागली, दहा मिनिटं गेली. मी म्हटलं थांब, 2 टाकून वर शून्य आलंय ना, मग तुला एक अवयव फुकट मिळालाय. x = 2 ला पदावली शून्य होते म्हणजे (x − 2) हा तिचा अवयव असणारच, तो शोधायचा नाही, त्याने फक्त भागायचं. संश्लेषक भागाकार तिला दहावीच्या आधीपासून येतो, 1, −4, 1, 6 लिहिलं, 2 ने चालवलं, खाली 1, −2, −3, 0 आलं. शेवटचं शून्य बघून तिचा चेहरा खुलला. उरलं x² − 2x − 3, खाली उरलं x − 3, 2 टाकलं, −3 भागिले −1, उत्तर 3. आधी जे गणित दहा मिनिटांत सुटत नव्हतं ते आता तीन मिनिटांत होतं, कारण 0/0 कडे ती आता सूचना म्हणून बघते.

१६ जानेवारी

संक्रांतीमुळे एक तास बुडला, पण तिने घरी वर्गमुळांची गणितं करून आणली होती, आठ. त्यातली पाच अडकलेली आणि पाचही एकाच जागी. उदाहरण हे:

lim (x→1) (√(x + 3) − 2)/(x − 1)

वर-खाली √(x + 3) + 2 ने गुणायचं हे तिला माहीत होतं आणि तिने बरोबर गुणलं. वर झालं x + 3 − 4, म्हणजे x − 1. इथवर उत्तम. पण खाली तिने (x − 1)(√(x + 3) + 2) चा कंस सोडवून टाकला, चार पदं झाली, आणि मग त्या गर्दीत (x − 1) कुठे गेला ते तिला दिसेना, परत किंमत टाकली, परत 0/0, आणि सोडून दिलं. ताई ही चूक फार मुलं करतात, कारण नववी-दहावीत कंस दिसला की सोडवायचा अशी सवय लागलेली असते. तिला एवढंच सांगितलं की आपण हे सगळं कशासाठी करतोय? ज्याच्यामुळे शून्य येतंय तो (x − 1) वर आणून कट करायला. मग खालचा (x − 1) सांभाळून ठेव, त्याला हात लावू नको. वरचा कंस सोडवायचा, खालचा तसाच ठेवायचा. पाचही गणितं माझ्यासमोर सोडवली, वरच्याचं उत्तर 1/4.

१८ जानेवारी

आज जरा कडक बोलावं लागलं, तुम्हाला ती बोलली असेलच. तिने कुठल्याशा व्हिडिओत एल हॉस्पिटलचा नियम पाहिला, वरचं आणि खालचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, घ्यायचं आणि किंमत टाकायची, आणि मग ती सगळीकडे तेच लावायला लागली. नियम खरा आहे आणि पुढे तिला उपयोगी पडणार आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तो 0/0 किंवा ∞/∞ असेल तरच लागतो. तिने तो इथे लावला:

lim (x→1) (x² + 1)/(x + 1)

वरचं 2x, खालचं 1, उत्तर 2. आणि नुसती किंमत टाकली तर 2/2, म्हणजे 1. खरं उत्तर 1. तिला दोन्ही शेजारी शेजारी लिहायला लावली आणि विचारलं कुठलं खरं, तर तिने स्वतः तक्ता करून बघितलं, 0.99 ला आणि 1.01 ला दोन्हीकडे 1 च्या जवळचीच उत्तरं. पटलं तिला. शिवाय पुस्तकात लिमिट्स आधी आहे आणि डेरिव्हेटिव्ह नंतर, त्याची व्याख्याच लिमिटवर उभी आहे, त्यामुळे या धड्याचं उत्तर त्या नियमाने लिहिणं म्हणजे पाया भरायच्या आधी छप्पर टाकणं. ठरलं असं की घरी उत्तर पडताळायला नियम वापरायचा, वहीत नाही.

२१ आणि २३ जानेवारी

त्रिकोणमितीची लिमिट्स. सगळ्याचा पाया एकच, x→0 असताना sin x / x चं लिमिट 1. तिने आपल्या आपण तक्ता करायला घेतला (हे मी सांगितलं नव्हतं) आणि उत्तर आलं 0.01745. गोंधळली. कॅल्क्युलेटर डिग्रीवर होता. आधी वाटलं बटण बदलून पुढे जावं, पण मग तिथेच थांबलो, कारण हे 0.01745 म्हणजे π/180 आहे, म्हणजे डिग्री आणि रेडियन या कोन मोजायच्या दोन एककांमधला गुणक. रेडियनवर केल्यावर 0.1 ला 0.9983, 0.01 ला 0.99998. हे लिमिट 1 येतं ते कोन रेडियनमध्ये मोजला म्हणून, हे तिला आता कायमचं कळलंय.

२३ ला मात्र एक गोष्ट दिसली जी मला पहिल्या पेपरातच दिसायला हवी होती. sin 3x / sin 5x, x→0, तिचं उत्तर 3/5, बरोबर. ४ तारखेच्या पेपरातही हे बरोबर होतं आणि मी बरोबरची खूण करून पुढे गेलो होतो. आज तोंडी विचारलं कसं काढलंस, तर म्हणाली वरचा साइन खालचा साइन कटला, 3x/5x राहिलं, x कटला. म्हणजे sin हा जणू एक गुणणारा आकडा आहे असं धरलं होतं! म्हटलं मग sin x / sin 2x हे नेहमी 1/2 असणार, 30 अंश टाकून बघ. वर 0.5, खाली sin 60 म्हणजे 0.866, उत्तर 0.577. ती वहीकडे बघतच राहिली. बरोबर पद्धत अशी की sin 3x च्या खाली 3x आणायचा, sin 5x च्या खाली 5x आणायचा, दोन्ही 1 कडे जातात, आणि बाहेर 3x/5x उरतो. दोन ओळी जास्त लागतात पण त्या दोन ओळींतच गणित आहे.

तेव्हापासून तिची बरोबर आलेली गणितंही मी तोंडी विचारतो.

२८ जानेवारी

साइन कट करायची सवय खरंच गेली का हे बघायला हे दिलं:

lim (x→0) (tan x − sin x)/x³

यात "tan x म्हणजे x च, sin x म्हणजे x च" असं धरलं तर वर x − x, शून्य, उत्तर 0 येतं. आणि ते चूक आहे. तिने आधी 0 च लिहिलं, मग स्वतःच थांबली, म्हणाली सर असं परवा तुम्ही नको म्हणाला होतात. मग वरून sin x कॉमन काढला, झालं sin x (1 − cos x)/cos x. खालचा x³ तिने वाटून दिला, एक x साइनला, x² (1 − cos x) ला. एक भाग 1, दुसरा 1/2, cos x 1, उत्तर 1/2. मी यात एकही शब्द बोललो नाही. x³ चे तुकडे कुणाला किती द्यायचे हे तिला दिसलं, आणि या महिन्यातला माझ्या मते हाच सगळ्यात चांगला दिवस.

३ फेब्रुवारी

दुसरा पेपर, परत १२ गणितं, प्रकार पहिल्या दिवसाचेच पण आकडे बदलून, आणि एक अवघड मुद्दाम घातलेलं. पन्नास मिनिटं, एकही सोडलं नाही, ९ बरोबर. ९ च्या ९ तोंडी विचारली, पद्धतही बरोबर.

अवघड जे होतं ते असं, x→0, (√(1 + sin x) − √(1 − sin x))/x. यात आधी वर्गमुळांचं हत्यार लागतं आणि मग साइनचं, आणि दोन्ही एकत्र मी कधी शिकवलेलं नाही. तिने केलं. वर 2 sin x, खाली x आणि तो न सोडवलेला कंस, उत्तर 1.

आता चुकलेली तीन. एकात x→−3 होतं आणि शेवटच्या ओळीत −3 ऐवजी 3 टाकलं, ही घाईची चूक, त्याची काळजी नको. दुसरं (1 − cos 4x)/x², तिने 2 sin² 2x / x² पर्यंत बरोबर आणलं पण वर्ग करताना आतल्या 2 चा वर्ग करायचा राहिला, उत्तर 8 ऐवजी 4 आलं. सरावाने जाईल.

तिसरं मात्र लिहून ठेवतो, कारण यात सुधारणा झालेली नाही. x→2, |x − 2|/(x − 2). वरच्या उभ्या रेघा म्हणजे मॉड्युलस, आतला आकडा ऋण आला तरी धन करून घ्यायचा. तिने कट करून 1 लिहिलं, अगदी ४ जानेवारीसारखंच. खरं तर 2.01 ला हे 1 येतं आणि 1.99 ला −1, दोन बाजू दोन वेगळ्या उंचीवर पोचतात, म्हणून इथे लिमिट अस्तित्वात नाही. महिनाभर दोन्ही बाजूंनी जायचं म्हणतोय तरी असं का झालं म्हणून रात्री तिची वही चाळली. ६ तारखेचा तक्ता दोन्ही बाजूंचा आहे, पण त्यानंतरचे, एक १८ तारखेचा सोडला तर, बहुतेक सगळे तक्ते फक्त उजव्या बाजूचे, 2.1, 2.01, असे. दोन्हीकडून सारखंच येतंय म्हटल्यावर तिने एक बाजू सोडून दिली, आणि मी दिलेल्या गणितांत खरंच दरवेळी सारखंच येत होतं, म्हणून मीही टोकलं नाही. ती निवड माझी होती, त्यामुळे हे दुरुस्त करायची जबाबदारीही माझी.

५ फेब्रुवारी

ताई तुम्ही फोनवर विचारलं होतं की कॉलेजच्या परीक्षेत मार्क वाढतील का. या धड्याचे प्रश्न सोडवायला ती आता घाबरत नाही आणि पाच गणितांतली चार तिची होतील असं मला वाटतं, पण मॉड्युलस आणि तुकड्यातुकड्यांनी दिलेली फंक्शन्स आली तर आज तरी मार्क जातील. ∞ कडे जाणारी लिमिट्स अजून सुरूच केलेली नाहीत, ती या महिन्यात. पुढचा कंटिन्युइटीचा, म्हणजे आलेख सलग आहे का हे बघायचा, धडा पूर्ण डावी बाजू-उजवी बाजू यावरच आहे, म्हणून मी आधी ते मॉड्युलस पक्कं करणार आणि मगच पुढे जाणार, आठवडा जास्त गेला तरी.

नवीन गाईड वगैरे आणू नका, पुस्तकातली आणि मी दिलेली गणितं पुरे आहेत. घरी एकच करा, ती तक्ता काढताना दिसली की डावीकडचे आकडे लिहिलेत का एवढं बघा, म्हणजे 2 असेल तर 1.9, 1.99 हे वहीत दिसायला हवेत. शनिवारसाठी दहा गणितं दिलीत, सहा मॉड्युलसची आणि चार साधी, कुठली कुठली आहेत ते तिला सांगितलेलं नाही.